मधाच्या रंगाची खपली

पावसाळा ओसरू लागला की बालरोगतज्ज्ञांकडे एक ठरावीक चेहरा येतो. नाकाखाली आणि ओठांच्या कडेला पिवळसर, चिकट, मध सुकल्यासारखी खपली. मूल खेळतंय, जेवतंय, ताप नाही. आई म्हणते, "उष्णतेनं आलंय, पण आठवडा झाला तरी जाईना." याला डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तो सर्वांत जास्त दिसतो.

उष्णतेशी त्याचा संबंध नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस पायोजीन्स, कधी दोन्ही जिवाणू त्वचेच्या अगदी वरच्या थरात शिरतात. बारीक फोड येतो, तो इतका नाजूक की बहुतेक वेळा दिसायच्या आधीच फुटतो. आतून झिरपणारा द्रव सुकून मधाच्या रंगाची खपली होते. संसर्ग वरवरचा असल्यामुळे बरा झाल्यावर व्रण राहत नाही. काही दिवस लालसर डाग राहतो, इतकंच.

शाळेत तो कसा पसरतो हे एका नमुन्यावरून पाहू. मोठ्या शिशूतल्या मुलीला सर्दी झाली. नाक सतत पुसून पुसून नाकपुडीखालची कातडी सोलवटली. स्टॅफिलोकॉकस साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात काही त्रास न देता राहत असतो. तोच बोटावरून त्या सोलवटलेल्या जागी गेला. दोन दिवसांत खपली धरली. खाज सुटते म्हणून तिने ती उकरली आणि त्याच नखांनी कोपरावरचा डास चावलेला फोड खाजवला. तिथे दुसरा चट्टा उठला. डब्याच्या सुट्टीत शेजारच्या मुलाने तिचा नॅपकिन घेऊन तोंड पुसलं. त्याच्या गुडघ्यावर पडल्याचं खरचटलेलं होतंच. चार ते दहा दिवसांनी त्याच्या गुडघ्यावर तशीच खपली आली, आणि तोवर नॅपकिनची आठवण कुणालाच नव्हती. हा जिवाणू मुख्यतः हात, कातडी आणि कपडा यांवरून जातो. म्हणून बाकांमध्ये अंतर ठेवण्यापेक्षा प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा ठेवणं आणि नखं कापणं जास्त उपयोगी.

उपचारात घरी सर्वाधिक चुकतं ते मलम लावण्यात. खपलीवर मलम चोपडलं की ते वरच राहतं, जिवाणू खाली सुरक्षित. आधी कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं खपलीवर पाच-दहा मिनिटं धरावं, ती मऊ झाली की साबणपाण्याने हलकेच पुसावी. ओरबाडून काढू नये, रक्त आलं तर जोर जास्त झाला. जागा टिपून कोरडी करावी आणि मग डॉक्टरांनी दिलेलं म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम पातळ लावावं, दिवसातून दोन-तीनदा, साधारण पाच दिवस. लावणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवावेत. टॉवेल, उशीचा अभ्रा रोज बदलून गरम पाण्यात धुवावा.

दुकानातून आणलेल्या, सगळ्यावर चालणाऱ्या ट्यूबबद्दल मला फार काळजी वाटते. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली कमी दिसते, आई निश्चिंत होते, आणि संसर्ग आतल्या आत पसरत राहतो. हळदीचा लेपही मी नको म्हणतो, कारण त्याखाली खपलीचा रंगच कळत नाही.

चट्टे बरेच असतील, वेगाने वाढत असतील किंवा घरात दोघा-तिघांना असतील तर तोंडाने घ्यायचं प्रतिजैविक लागतं, साधारण सात दिवस. दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, तर जिवाणू त्या औषधाला दाद देत नसेल किंवा निदानच वेगळं असेल. द्राक्षाच्या घोसासारखे बारीक फोड आणि चुरचुर असेल तर ती ओठांवरची नागीण असू शकते. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज असेल तर मुळात खरूज आहे, आणि ती बरी केल्याशिवाय खपल्या पुन्हा येत राहतात.

शाळेत कधी पाठवायचं? औषध सुरू होऊन निदान २४ तास झाल्यावर, उघड्या जागा झाकून. ब्रिटनमध्ये ४८ तास थांबवतात. झाकता न येणारी, ओली जखम तोंडाजवळच असेल तर मी ४८ तासच सांगतो.

खपली गेल्यावरही साधारण तीन ते सहा आठवडे एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावं. स्ट्रेप्टोकॉकसच्या काही जाती मूत्रपिंडाला सूज आणतात. असं क्वचित घडतं, आणि मलम वेळेवर लावल्याने ते टळतंच असं नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, कमी लघवी आणि तिचा रंग काळ्या चहासारखा, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासून घ्यावी आणि मुलाचा रक्तदाब मोजून घ्यावा.