चार्जिंग जॅकमधला थेंब

पावसाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जी वाक्ये वरचेवर ऐकू येतात त्यांत एक हे असते : "चार्जिंगच घेत नाही रे, पाण्याचा थेंब दाखवतोय." काही फोनवर "Moisture detected" अशी अक्षरे उमटतात, तर आयफोनवर "Charging Not Available" किंवा "Liquid Detected in USB-C Connector" असे लिहून येते. शब्द निराळे असले तरी मतलब एकच : वायर काढा, जॅकमध्ये ओल आहे. या सूचनेवर प्रत्येकाजवळ एक रामबाण उपाय तयार असतो. कोणी तांदळाचा डबा सुचवतो, कोणी केस वाळवण्याचे यंत्र आणतो, कोणी जॅकमध्ये तोंडाने फुंकर घालतो. माझ्या मामांचे रत्नागिरीत मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि गेली तीन वर्षे सुट्टीत मी तेथे बसतो. तेथे पाहिले आणि मागाहून वाचून पडताळले, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम, फोनला ओल कळते कशी? जॅकमध्ये पाणी हुंगणारे काही यंत्र बसवलेले असते अशी आपली समजूत असते. वास्तविक फोन तेथे फक्त एक मोजमाप करतो. यूएसबी-सी जॅकमध्ये मधोमध एक बारीक जीभ असते आणि तिच्या वर बारा, खाली बारा अशा चोवीस धातूच्या पट्ट्या असतात. दोन शेजारी पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरएवढे असते. कोरड्या जॅकमध्ये या पट्ट्यांच्या दरम्यान केवळ हवा आणि प्लॅस्टिक असल्याने त्यांच्यामधून वीज जवळजवळ वाहतच नाही. ओलीचा पातळ पापुद्रा पसरला की वाट सापडते आणि रोध एकदम खाली येतो. फोन यांपैकी काही पट्ट्यांवर अगदी अल्प वीज सोडून तो रोध तपासत असतो. तो ठराविक मर्यादेखाली गेला की सूचना झळकते. म्हणजे फोनला पाणी दिसत नाही, त्याला गळती दिसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा बराचसा उलगडा तिच्यावरच अवलंबून आहे.

आता कोणी विचारील की एवढ्याशा ओलीने होणार तरी काय? फोन तर जलरोधक म्हणून घेतलेला असतो. येथे थोडा हिशेब करून पाहू. समजा, ओलीमुळे दोन पट्ट्यांमधला रोध दहा हजार ओहम इतका उतरला आणि वायरीतून नेहमीचा पाच व्होल्टचा दाब आला. मग वाहणारी वीज अर्धा मिलिअँपिअर भरेल. एवढ्या विजेने हाताला झटका बसणार नाही की फोन तापणारही नाही. परंतु हीच वीज रात्रभर, म्हणजे आठ तास वाहत राहिली तर १४.४ कूलंब इतका भार त्या थेंबातून जातो. मायकेल फॅरडे यांचा विद्युत अपघटनाचा नियम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत घोकला असेल. त्यानुसार हा सगळा भार तांबे विरघळवण्यातच खर्ची पडला असे धरले, तर साडेचार मिलिग्रॅमहून थोडे अधिक तांबे निघून जाईल. प्रत्यक्षात काही भार वायू निर्माण करण्यात जातो, म्हणून नुकसान याहून कमी होते. पण ज्या पट्टीविषयी बोलतो आहोत ती डोळ्यांना धड दिसतही नाही, आणि तिच्यावरचा सोन्याचा मुलामा तर त्याहून कितीतरी पातळ असतो. फोनचे अंग जलरोधक असते, जॅक मात्र उघडाच असतो. पाणी आतल्या मंडलात शिरले नाही तरी जॅकच्या पट्ट्या मात्र भिजतात, हे त्या जलरोधक शब्दाने झाकले जाते.

यावरून पहिली कृती ठरते : वायर ताबडतोब काढावी, आणि तीही दोन्ही टोकांनी, म्हणजे फोनमधून आणि चार्जरमधूनही. पुष्कळ मंडळी समजतात की फोनने चार्जिंग नाकारले म्हणजे वीज बंदच झाली, मग वायर लावून ठेवली तर बिघडले कुठे? येथेच फसगत होते. जुन्या चपट्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला जोडलेल्या वायरीत दुसऱ्या टोकाला पाच व्होल्ट कायम उभे असतात, फोनने ते घेतले काय नि न घेतले काय. दोन्ही बाजूंना सी-पिन असलेली वायर समोर फोन आहे अशी खूण पटेपर्यंत वीज सोडत नाही. परंतु ही खूण ज्या पट्टीवरून पटते ती विजेच्या पट्टीच्या अगदी शेजारी आहे, आणि ओल नेमकी त्या दोघींच्या मध्ये बसते. जॅक खराब झालेले फोन भिंगाखाली पाहिले म्हणजे हिरवा डाग बहुतेक वेळा याच जागी सापडतो.

वायर काढल्यावर फोन जॅकची बाजू खाली करून तळहातावर हलकेच आपटावा. दोन-चार थेंब पडतात, कधी काहीच पडत नाही. मग टेबलफॅनसमोर, जॅक वाऱ्याकडे करून, तो ठेवून द्यावा. अर्ध्या तासाने एकदा वायर लावून पाहावी. सूचना पुन्हा आली तर घाई करू नये, एक पूर्ण दिवस द्यावा. ॲपल कंपनीही आपल्या ग्राहकांना अर्धा तास आणि नंतर चोवीस तासांपर्यंत हाच हिशेब सांगते. कोकणातल्या जुलैत हवाच ओलीने भरलेली असल्यामुळे पंख्याशिवाय नुसते ठेवलेले काही वाळत नाही, हे दोरीवरच्या कपड्यांवरून आपण जाणतोच.

तांदळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. तांदूळ आजूबाजूच्या हवेतली ओल सावकाश घेतो, पण जिभेखाली अडकलेला पापुद्रा ओढून काढण्याची शक्ती त्याच्यात नाही. पंख्याचा वारा ते काम अधिक वेगाने करतो. शिवाय तांदळाचा कोंडा आणि बारीक कणी जॅकमध्ये जाते, आणि ओल्या पिठाचा गोळा पट्ट्यांवर बसला की तीच नवी गळती. ॲपलनेही तांदूळ नको असे स्पष्ट सांगितले आहे. गरम हवेने डिंक आणि रबरी कडा सैल होतात, जोराच्या हवेने पाणी आत ढकलले जाते, कापसाची काडी धागे सोडते, आणि फुंकर तर स्वतःच ओली असते! निकड असेल आणि फोनला बिनतारी चार्जिंगची सोय असेल तर पाठ पुसून तो तबकडीवर ठेवावा. तेथे पट्ट्यांचा संबंधच येत नाही. आयफोनवर "Emergency Override" नावाचा एक मार्ग आहे, त्याने सूचना डावलून चार्जिंग घेता येते. घरात कोणी आजारी आहे आणि फोन बंद पडतो आहे, अशा वेळेपुरताच तो आहे असे मी मानतो.

या सर्वांत खरा पेच उभा राहतो तो समुद्रामुळे. मे महिन्यात गणपतीपुळ्याहून परतलेली एक विद्यार्थिनी दुकानात आली. फोन लाटेत पडला होता, चार दिवस झाले होते, तांदळाचा प्रयोग अर्थातच झाला होता. तिची तक्रार मोठी विलक्षण होती : "दुपारी चार्ज होतो, पण रात्री लावला की थेंब येतो. काका, फोन काय दिवस-रात्र ओळखतो का?" मामा हसले नाहीत. म्हणाले, "ओळखतो, ताई. जॅकमध्ये मीठ आहे."

त्याचे कारण असे. समुद्राचे पाणी उडून गेले तरी त्यातले क्षार मागे राहतात, आणि त्यांतले मॅग्नेशिअम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते त्यातलाच हा प्रकार. दुपारी हवा त्या मानाने कोरडी असते, तेव्हा क्षार सुकलेले असतात आणि रोध वर असतो. रात्री हवा ओलसर होते, क्षार पाणी धरतात आणि फोनला पुन्हा गळती दिसते. म्हणजे सूचना खोटी नव्हती आणि फोन ओलाही नव्हता. अशा वेळी कितीही वाळवले तरी उपयोग नाही, धुवावे लागते. घामाचे आणि सरबताचेही तसेच.

मामांनी फोन बंद केला आणि जॅक भिंगाखाली धरला. जिभेच्या कडेला पांढरट पापुद्रा होता, त्यात तांदळाची एक कणीही अडकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशाने त्यांनी तो दोनदा साफ केला आणि रात्रभर पंख्यासमोर ठेवला. हे काम जाणत्या हातांनीच करावे. घरी करायचे झाल्यास, फोन जलरोधक असल्याचे त्याच्या पुस्तिकेत लिहिले असेल तरच, खारे पाणी लागल्या लागल्या तो बंद करून जॅक साध्या नळाच्या पाण्याने हलकेच धुवावा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे वाळवावा. ओला फोन धुवायचा हे ऐकायला विचित्र वाटते खरे, पण गोडे पाणी उडून जाते आणि मीठ राहते, एवढाच त्यात मुद्दा आहे.

दुसऱ्या दिवशी थेंब आला नाही. मात्र वायर एका बाजूने लावली तर चार्जिंग होई, उलटी लावली तर नाही. यूएसबी-सी पिन दोन्ही बाजूंनी चालते ती जिभेच्या दोन्ही अंगांना खूण पटवणारी एकेक पट्टी असल्यामुळे. त्यांतली एक खाल्ली गेली होती. चार दिवस तिने वायर लावून लावून पाहिले होते त्याची ही खूण. जॅक बदलावा लागेल, पण आज नाही बदलला तरी चालेल, असे मामांनी तिला सांगितले. तिची वायर मात्र त्यांनी परत दिली नाही. पिनच्या आतली एक पट्टी काळी पडली होती, आणि तसली वायर धड फोनचाही जॅक बिघडवते.

सूचना आली की दोष फोनचा की वायरीचा, हे म्हणूनच आधी पाहावे. दुसरी, खात्रीने कोरडी वायर लावून थेंब येत नसेल तर पहिल्या वायरीची पिन ओली किंवा मळलेली आहे. कोणत्याही वायरीने येत असेल तर जॅकमध्ये टॉर्चचा उजेड पाडून पांढरे, हिरवे वा काळे काही दिसते का ते बघावे. पूर्ण दिवस वाळवून, जॅक स्वच्छ दिसूनही थेंब हटत नसेल तर फोन एकदा बंद करून चालू करावा. सॅमसंगच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत, सिस्टिम ॲप्स दाखवायला लावून, "USBSettings" उघडावे व त्याची साठवण पुसावी. अडकून बसलेली सूचना त्याने कधी कधी जाते. परंतु त्याने फोनची आठवण पुसली जाते, पाणी नव्हे. म्हणून हा उपाय पहिल्या तासात करायचा नाही. एवढे करूनही थेंब राहिला तर पट्ट्या खाल्ल्या गेल्या आहेत असे समजावे. पुष्कळ फोनांत जॅक वेगळ्या लहान पट्टीवर असतो आणि तेवढीच बदलता येते. दुकानदार सबंध बोर्ड बदलायला सांगू लागला, तर आधी ही पट्टी सुटी मिळते का, एवढे त्याला विचारावे.