कडुनिंब चालेल, ‘मुरूमहर’ चालणार नाही

विको टर्मरिकची जाहिरात ज्यांच्या कानावरून गेली आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. ही क्रीम म्हणजे कॉस्मेटिक नव्हे, हे त्यात ठासून सांगितलेलं असे. ते नुसतं जाहिरातीचं यमक नव्हतं. केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याशी कंपनीचा नेमका याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. सौंदर्यप्रसाधन ठरलं तर कर जास्त, आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2004 साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यानंतर 2006 मध्ये नागपूरच्याच आणखी एका आयुर्वेदिक उत्पादकाच्या प्रकरणात न्यायालयाने औषध कशाला म्हणायचं हे ओळखण्याच्या दोन कसोट्या मांडल्या. पहिली, त्यातले घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत का? आणि दुसरी, सामान्य माणूस ती वस्तू काय समजून विकत घेतो?

दुसऱ्या कसोटीकडे नीट पाहिलं, तर उत्पादनाला नाव देणं हे किती जोखमीचं काम आहे ते कळतं. गिऱ्हाईक एखाद्या वस्तूबद्दल काय समजतं, ते बरंचसं तिच्या नावावरून समजतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काहीही छापलेलं असो.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका महिला गटाला चार वस्तूंची मालिका बाजारात आणायची आहे. कडुनिंबाचा फेस वॉश, मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध घातलेली चेहऱ्याची क्रीम, माक्याचं केसांचं तेल आणि टाचांसाठी कोकमाच्या तेलाचं मलम. माल सगळा दुसऱ्याच्या कारखान्यात करून घ्यायचा, कारण स्वतःचा परवाना नाही. गटात नावं सुचली तीही अगदी साहजिक होती: ‘मुरूमहर’, ‘वांगनाशक’, ‘केशसंजीवनी’ आणि ‘भेगांतक’. ऐकायला भारदस्त. वैद्यांच्या कपाटातल्या बाटल्यांवर अशीच नावं असतात, आणि अडचणही तिथेच आहे.

मुळात ठरवायला हवं ते हे, की माल कोणत्या परवान्याखाली निघणार. भारतात दोन वाटा आहेत. एक कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 खालचा सौंदर्यप्रसाधनाचा परवाना. कायद्याच्या व्याख्येत सौंदर्यप्रसाधन म्हणजे शरीर स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, आकर्षक दिसायला मदत करणारी किंवा रूप बदलणारी वस्तू. बरं करणं, रोग टाळणं त्या व्याख्येत बसत नाही. दुसरी वाट आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याची. तिथे सूत्रातले घटक मान्य ग्रंथांतले असावे लागतात, आणि डबीवर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द छापावे लागतात. महाराष्ट्रात दोन्ही कामं अन्न व औषध प्रशासनाकडे येतात.

पुष्कळ जणांना ठाऊक नसतं, की या दुसऱ्या वाटेवर सौंदर्यप्रसाधक उत्पादनांचा एक वेगळा वर्ग आहे. म्हणजे ‘आयुर्वेदिक’ हा शब्द हवा असेल, तर त्यासाठी रोगाचं नाव घ्यावंच लागतं असं नाही. आयुर्वेदात राहूनही कांतीबद्दल बोलता येतं. चरकसंहितेत औषधी वनस्पतींचे दहा-दहांचे गट सांगितले आहेत, त्यात एक गट ‘वर्ण्य’ आहे, म्हणजे त्वचेच्या वर्णाला उपकारक. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा त्यातलेच. पण त्याच यादीत ‘कुष्ठघ्न’ आणि ‘कंडूघ्न’ हेही गट आहेत. ‘घ्न’ म्हणजे नाश करणारं. इथे रोगाचा संबंध आला. शिवाय जुन्या ग्रंथांत कुष्ठ या शब्दात कितीतरी त्वचारोग सामावतात, आजचा वाचक मात्र त्याचा अर्थ महारोग असाच घेतो. महारोग आणि अंगावरचे पांढरे डाग हे दोन्ही 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत आहेत. त्या यादीतले रोग बरे होतील असं सुचवणारी जाहिरात करता येत नाही, आणि या कायद्याच्या दृष्टीने लेबल हीसुद्धा जाहिरातच. एखाद्या हौशी उत्पादकाने ग्रंथात सापडलं म्हणून साबणाला ‘कुष्ठघ्न’ नाव दिलं, तर तो संस्कृतात बरोबर असेल आणि कायद्यात चूक.

आता गटाची नावं एकेक करून पाहू. ‘मुरूमहर’मध्ये मुरूम हा विकार आहे आणि ‘हर’ म्हणजे घालवणारं. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर हे उघड औषधी वचन झालं. ‘वांगनाशक’ त्याहून अवघड, कारण वांग लवकर हटत नाही. गरोदरपणाने, उन्हाने किंवा संप्रेरकांच्या फरकाने आलेले ते डाग महिनोन्‌महिने राहतात, फिके होऊन पुन्हा गडद होतात. ‘नाशक’ शब्द वाचून तीन डब्या संपवणारी बाई त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला तेवढीच उशीर करते. खरा तोटा डबीच्या किमतीपेक्षा या उशिराचा असतो. ‘केशसंजीवनी’त रोगाचं नाव कुठेच नाही, तरी संजीवनी म्हटलं की गेलेलं परत येणार असंच मनात येतं; टक्कल पडत चाललेल्या माणसाने ते तसंच वाचावं अशी विक्रेत्याचीही आतून इच्छा असते. ‘भेगांतक’ त्यातल्या त्यात निरुपद्रवी. कोरड्या टाचा मऊ होणं हे प्रसाधनाचंच काम आहे. पण अंत करण्याची भाषा तिथेही कशाला?

नावाच्या शेपटाइतकंच त्याचं इंग्रजी शेपूटही बोलतं. ‘डर्मा’, ‘क्युअर’, ‘हील’, ‘क्लिनिक’, ‘डॉक्टर’ असे तुकडे जोडले, की तुळशीचा फेस पॅकसुद्धा दवाखान्यातून आल्यासारखा दिसतो. कोणी नावापुढे अधिकचं चिन्ह टाकतं, तर कोणी अक्षराच्या पोटात स्टेथोस्कोप काढतं. अशा चित्रांबद्दल परवाना देणारा अधिकारी काही बोलो न बोलो, गिऱ्हाईक ती वाचतंच.

वनस्पतीचं नाव थेट घेतलं तर? ‘कडुनिंब फेस वॉश’ हे सगळ्यांत स्वच्छ नाव. आत काय आहे आणि त्याने काय करायचं, एवढंच ते सांगतं. पण एक अट आहे. नावात घेतलेला घटक आत नावापुरता असू नये. केशराचं उदाहरण घेऊ. पन्नास ग्रॅमच्या क्रीममध्ये अर्धा टक्का केशराचा अर्क म्हणजे पाव ग्रॅम. झाकणावर मात्र केशराची भली मोठी जांभळी फुलं. इथे घटकांची यादी वाचकाच्या उपयोगी पडते. नियमाप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल नावाचं परिरक्षक पुष्कळ क्रीममध्ये असतं आणि ते एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. त्यामुळे यादीत केशर किंवा चंदन फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर दिसलं, तर ते एक टक्का किंवा त्याहून कमीच आहे असं खुशाल समजावं. कमी आहे म्हणजे निरुपयोगी असं मात्र नाही, काही अर्क थोडेच घालायचे असतात. पण अख्खी मालिका त्या घटकाच्या नावाने विकायची, तर तेवढ्यावर भागू नये असं मला वाटतं.

ग्रंथोक्त नावांचं प्रकरण निराळं. ‘कुंकुमादि तैल’ हे अष्टांगहृदयातल्या पाठाचं नाव आहे, त्यात कोणती द्रव्यं आणि कशात सिद्ध करायची हे ठरलेलं आहे. सूर्यफुलाच्या तेलात केशराचा सुगंध आणि दोन अर्क घालून त्यावर ते नाव छापलं, तर रोगाचं एक अक्षरही न लिहिता खरेदीदाराची फसवणूक होते. ज्याला तो पाठ करायचा आहे त्याने औषधाचा परवाना घेऊन पाठाप्रमाणे करावा. बाकीच्यांनी आपलं वेगळं नाव शोधावं.

व्यापारचिन्हाचा कायदाही जवळजवळ याच दिशेला ढकलतो. मालाचा गुण किंवा उपयोग नुसता वर्णन करणारं नाव नोंदवायला अडचण येते, आणि लोकांची दिशाभूल करणारं नाव नोंदवतच नाहीत. ‘मुरूमहर’ जर खरंच मुरमं घालवत असेल तर ते वर्णन झालं. घालवत नसेल तर दिशाभूल. दोन्हीकडून अडकलं. नाव पक्कं करण्याआधी प्रसाधनांच्या तिसऱ्या वर्गात आणि औषधांच्या पाचव्या वर्गातही शोध घ्यावा, कारण पाचव्या वर्गातल्या एखाद्या औषधाशी जुळणारं नाव क्रीमला दिलं तर दुकानदारसुद्धा गोंधळतो.

तेव्हा आमच्या काल्पनिक गटाने मालिकेला ‘परसदार’ असं नाव घ्यावं. माका, तुळस, कोरफड जिथे उगवते ती जागा. ते नाव नोंदणीच्या शोधात मोकळं निघालं तर त्याखाली साधी नावं: कडुनिंब फेस वॉश, मंजिष्ठा-ज्येष्ठमध फेस क्रीम, माका केसतेल, कोकम टाच मलम. उपयोगाच्या ओळीत ‘चेहरा स्वच्छ होतो’, ‘त्वचा मऊ राहते’, ‘केस विंचरायला सोपे जातात’ अशी वाक्यं. ‘तेज’ चालेल, कारण तेज दिसण्याबद्दल आहे. ‘गोरेपणा’ मात्र घेऊ नये. 2020 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’तला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केला, तेव्हाच त्या शब्दाचे दिवस भरत आले होते. ‘सौम्य’ आणि ‘दुष्परिणाम नाही’ हेही जपून. बावचीच्या तेलात असलेल्या सोरालेनमुळे उन्हात गेल्यावर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, आणि बावची पूर्णपणे वनस्पतीच आहे.

छपाईला जाण्याआधी एक स्वस्त चाचणी करता येते. फक्त नाव लिहिलेली कोरी डबी घेऊन औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात आणि बाजाराच्या दिवशी ओळख नसलेल्या बायकांना विचारायचं, ‘हे कशासाठी असेल?’ उत्तर ‘तोंड धुवायला’ असं आलं तर नाव जमलं. ‘पुटकुळ्यांवरचं औषध’ असं आलं, तर ते उत्तर वहीत लिहून ठेवावं आणि नाव बदलावं. हे लेबल मंजूर व्हायच्या आधी करायचं, कारण नाव परवान्याच्या कागदांवर एकदा चढलं की बदलायला पुन्हा अर्ज आणि पुन्हा छपाई.

एवढं करूनही माल ऑनलाइन दुकानात चढवताना काम बिघडतं. तिथे यादी भरणारा मुलगा शोधात वर यावं म्हणून ‘कडुनिंब फेस वॉश, मुरूम, इसब, खाज, डाग’ असा शब्दांचा भारा शीर्षकात टाकतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; आणि शीर्षक मुलाने लिहिलं असलं तरी विचारणा गटाला होते. म्हणून ती यादी गटातल्याच एकीने भरावी, आणि डबीवर जे लिहिलं नाही ते तिथेही लिहू नये.