खोडलेलं उत्तर बरोबर निघालं तर

परीक्षेत आधी लिहिलेलं उत्तर खोडून दुसरं लिहावं, आणि नेमकं खोडलेलंच बरोबर निघावं, हा अनुभव विद्यार्थी सहसा विसरत नाहीत. समजा, दहावीच्या एका मुलीला प्रश्न आला: दोन नाणी एकाच वेळी फेकली, तर निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? तिने ३/४ लिहिलं. मग शंका आली: शक्यता तर तीनच, दोन छापे, एक छापा एक काटा, किंवा दोन काटे. त्यांतल्या दोनांत छापा आहे, म्हणून ३/४ खोडून तिने २/३ केलं. पेपर सुटल्यावर मैत्रिणींशी उत्तरं ताडून पाहताना चूक उघड झाली. एक छापा एक काटा हा प्रकार दोन तऱ्हांनी घडतो, पहिल्या नाण्यावर छापा किंवा दुसऱ्यावर. म्हणून एकूण शक्यता चार आणि अनुकूल तीन. १७५४ साली फ्रेंच गणिती द'अलांबेर यांनीही असल्याच प्रश्नाला २/३ हेच उत्तर दिलं होतं, तेव्हा मुलीला फार दोष देता येत नाही.

घरी मात्र सल्ला मिळतो: पहिलं उत्तर कधी बदलू नये. हा सल्ला चुकीचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या १,५६१ उत्तरपत्रिकांवरील खोडरबराच्या खुणा तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबर उत्तराकडे गेलेले आढळले आणि २५ टक्के उलट दिशेने. उरलेल्यांत एक चूक जाऊन दुसरी आली होती.

तरीही समज टिकून राहतो, कारण दोन चुका सारख्या झोंबत नाहीत. मुळातच चुकलेलं उत्तर 'येत नव्हतं' म्हणून सोडून देता येतं. हातात आलेला गुण स्वतःच घालवला, तर 'खोडलं नसतं तर' हा विचार पाठ सोडत नाही. बदलल्यामुळे वाचलेले गुण कोणी मोजत बसत नाही. ती उत्तरं फक्त बरोबर म्हणून राहतात. आठवणीत म्हणून तोट्याचेच प्रसंग साठतात.

अर्थात, या आकड्यांवरून दिसेल ते उत्तर बदलत सुटावं असं ठरत नाही. विद्यार्थी बहुधा शंका आलेलीच उत्तरं बदलतात, आणि हे आकडे त्या निवडक बदलांचे आहेत. वेळ उरला म्हणून आलेली धाकधूक वेगळी, आणि प्रश्नातला 'निदान' हा शब्द नजरेतून सुटल्याचं लक्षात येणं वेगळं. नाण्यांच्या प्रश्नात चारही शक्यता कच्च्या कामात मांडल्या असत्या, तर २/३ टिकलंच नसतं. पहिल्या वाचनातच शंकेच्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण करावी, आणि शेवटी तेवढेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. नीटसारख्या परीक्षेत उत्तराचं वर्तुळ पेनने रंगवायचं असतं, ते खोडता येत नाही. तिथे ही फेरतपासणी वर्तुळ भरण्याआधीच उरकावी.