उंची सांगा, वेग मिळेल

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. ते सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर अंतर कापते आणि ९२ मिनिटांच्या आसपास पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करते. हे दोन्ही आकडे मोजण्यासाठी दुर्बीण किंवा रडार हाताशी असण्याची गरज नाही. स्थानकाची उंची माहीत असली की कागदावर चार ओळींत ते काढता येतात. वर्तुळाकार कक्षेतील कोणत्याही उपग्रहाला हेच लागू पडते: कक्षेची त्रिज्या ठरली की वेग ठरतो आणि प्रदक्षिणेचा काळही ठरतो.

यासाठी आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. अंतराळवीर स्थानकात तरंगताना दिसतात, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नसावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वीचे आकर्षण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, आणि ते अंतर इथे फारसे वाढलेले नाही. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, स्थानक केंद्रापासून ६,७७१ किलोमीटरवर आहे. त्यामुळे जमिनीवर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद असणारे गुरुत्वीय त्वरण तिथे ८.६९ उरते, म्हणजे जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक दोघेही एकाच त्वरणाने, एकत्रच खाली पडत असतात.

मग हे पडणारे स्थानक जमिनीवर का येत नाही? एका सेकंदाचाच हिशेब पाहू. ८.६९ च्या त्वरणाने एखादी वस्तू पहिल्या सेकंदात साधारण ४.३५ मीटर खाली येते. त्याच सेकंदात स्थानक आडव्या दिशेने ७.६७ किलोमीटर पुढे गेलेले असते. आता ६,७७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला एक सरळ स्पर्शरेषा काढली आणि तिच्यावरून ७.६७ किलोमीटर पुढे गेले, तर त्या ठिकाणी वर्तुळ स्पर्शरेषेच्या खाली किती असते? तेवढेच, ४.३५ मीटर. स्थानक जेवढे खाली पडते, तेवढीच त्याची वर्तुळाकार वाटही खाली वळलेली असते. म्हणून सतत पडूनही त्याची उंची कमी होत नाही. वेग याहून कमी असता तर पडणे वळणापेक्षा जास्त झाले असते आणि स्थानक पृथ्वीच्या जवळ आले असते. वेग जास्त असता तर ते वर्तुळ सोडून दूर सरकले असते.

हीच गोष्ट बलांच्या भाषेत मांडता येते. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलताना गोफण फिरवली जाते, तेव्हा दगड वर्तुळात फिरतो तो दोरीने त्याला सतत आत ओढून धरल्यामुळे. एक दोरी सोडली की दगड त्या क्षणीच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. वर्तुळात फिरण्यासाठी केंद्राकडे लागणाऱ्या या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. दगडाचे वस्तुमान m, वेग v आणि वर्तुळाची त्रिज्या r असेल तर ते बल mv²/r इतके लागते. वेग दुप्पट केला तर दोरीवरचा ताण चौपट होतो, हे गोफण फिरवणाऱ्या हाताला लगेच कळते.

उपग्रहाला दोरी नाही. तिचे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. पृथ्वीचे वस्तुमान M आणि गुरुत्वस्थिरांक G असेल, तर हे आकर्षण GMm/r² इतके असते. एक बाब इथे नीट समजून घ्यायला हवी. गुरुत्वाकर्षण आत ओढते आणि दुसरे एखादे बल बाहेर ओढते, असा हा दोन बलांचा तोल नाही. उपग्रहावर बल एकच आहे, गुरुत्वाकर्षणाचे. वर्तुळात फिरण्यासाठी जेवढे अभिकेंद्री बल हवे तेवढेच गुरुत्वाकर्षण उपलब्ध असावे, एवढीच अट आहे. ती अशी लिहिली जाते:

GMm/r² = mv²/r

दोन्ही बाजूंना m आहे, त्यामुळे तो निघून जातो. एक r सुद्धा जातो, आणि उरते ते सूत्र असे:

v = √(GM/r)

उपग्रहाचे वस्तुमान उत्तरात कुठेच नाही. ४०० टनांहून जड असलेले स्थानक आणि त्यातून एखाद्या अंतराळवीराच्या हातून निसटलेला पाना, दोघांना त्या कक्षेत राहण्यासाठी सारखाच वेग लागतो. जड वस्तूला ओढ जास्त असते, पण तिला वळवण्यासाठी लागणारे बलही त्याच प्रमाणात जास्त असते.

आता आकडे घालू. G आणि M यांचा गुणाकार किलोमीटर आणि सेकंद या एककांत ३,९८,६०० येतो. त्याला ६,७७१ ने भागले की ५८.८७ मिळतात आणि त्याचे वर्गमूळ ७.६७ आहे. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर, म्हणजे तासाला सुमारे २७,६०० किलोमीटर.

प्रदक्षिणेचा काळ काढणे याहून सोपे आहे. वर्तुळाचा परीघ 2πr, त्याला वेगाने भागायचे. ६,७७१ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ४२,५४० किलोमीटर भरतो. त्याला ७.६७३ ने भागले की ५,५४५ सेकंद येतात, म्हणजे ९२.४ मिनिटे. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या होतात, त्या याच कारणाने.

या हिशेबात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे r च्या जागी जमिनीपासूनची उंची लिहिणे. ६,७७१ ऐवजी ४०० घातले तर वेग सेकंदाला ३१.६ किलोमीटर येतो आणि प्रदक्षिणा दीड मिनिटाच्या आत संपते. उत्तर चुकले आहे हे ओळखायला दोन खुणा पुरतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून कायमचे सुटून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग पुरतो, तेव्हा कक्षेत राहणाऱ्या वस्तूचा वेग त्याहून जास्त असूच शकत नाही. दुसरी खूण काळाची. पृथ्वीवर हवा आणि डोंगर नसते आणि एखादा उपग्रह जमिनीला घासून फिरला असता, तरी त्याला एका फेरीला ८४ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला असता. पृथ्वीभोवती वर्तुळात फिरणाऱ्या उपग्रहाचा काळ याहून कमी आला, तर आकडेमोड पुन्हा तपासावी.

वेग आणि काळ यांची सूत्रे एकत्र केली की T² = 4π²r³/GM हे नाते मिळते. काळाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. योहानेस केप्लर यांनी हा नियम १६१९ मध्ये ग्रहांच्या निरीक्षणांवरून मांडला होता. तो असाच का आहे याचे कारण पुढे न्यूटन यांच्या १६८७ च्या ग्रंथातून स्पष्ट झाले.

हे नाते उलट्या बाजूनेही वापरता येते. घराच्या गच्चीवर बसवलेली टीव्हीची डिश एकदा आकाशातल्या एका बिंदूकडे रोखली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. म्हणजे तिच्या समोरचा उपग्रह जमिनीवरून पाहता स्थिर असतो. त्यासाठी तो विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीच्याच दिशेने आणि तिच्याइतक्याच वेळात एक फेरी मारणारा असावा लागतो. पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत, म्हणजे ८६,१६४ सेकंदांत पूर्ण होते. हा काळ सूत्रात घातला की त्रिज्या ४२,१६४ किलोमीटर येते. त्यातून विषुववृत्तावरची पृथ्वीची त्रिज्या, ६,३७८ किलोमीटर, वजा केली की उंची ३५,७८६ किलोमीटर उरते. सर्व भूस्थिर उपग्रह याच उंचीवर का आहेत, याचे उत्तर एवढेच आहे. तिथे वेग सेकंदाला फक्त ३.०७ किलोमीटर पुरतो.

इथे पूर्ण २४ तास घेतले तर त्रिज्या साधारण ७७ किलोमीटरने जास्त येईल. फरक किरकोळ वाटतो, पण असा उपग्रह दररोज सुमारे एक अंश पश्चिमेकडे मागे पडेल आणि काही दिवसांतच डिशच्या नजरेतून निसटेल.

वेगाच्या सूत्रातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्टही निघते. कक्षा जितकी खाली तितका वेग जास्त. ४०० किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ असली तरी असते, आणि तिच्या घर्षणाने अवकाश स्थानक हळूहळू खाली येते. ते तसेच ३०० किलोमीटरपर्यंत उतरू दिले, तर त्याचा वेग ७.६७ वरून ७.७३ होईल आणि फेरी ९०.४ मिनिटांवर येईल. घर्षणाने वेग वाढावा हे विचित्र आहे, पण खाली येताना गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारी गती घर्षणात गमावलेल्या गतीपेक्षा जास्त असते. खाली हवा आणखी दाट, घर्षण आणखी अधिक, म्हणून घसरण वाढतच जाते. ती रोखण्यासाठी स्थानकाला अधूनमधून रॉकेट इंजिने चालवून पुन्हा वर ढकलतात.

हे गणित पृथ्वी नेमकी गोल आहे, कक्षा नेमकी वर्तुळ आहे आणि दुसरे कोणी ओढत नाही असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात पृथ्वी विषुववृत्ताजवळ थोडी फुगीर आहे, त्यामुळे कक्षेचे प्रतल हळूहळू फिरत जाते. सूर्य आणि चंद्र भूस्थिर उपग्रहांना ओढतात, म्हणून त्यांना जागेवर ठेवायला इंधन खर्चावे लागते. कक्षा थोडी लंबगोल असेल, तर r च्या जागी तिच्या मोठ्या अक्षाची अर्धी लांबी घ्यायची. काळाचे सूत्र तेवढ्याने पुन्हा बरोबर ठरते.

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटने सोडला गेला. त्याची कक्षा ५६३ ते ६१९ किलोमीटर उंचीची, म्हणजे जवळजवळ वर्तुळाकार होती. सरासरी उंची ५९१ किलोमीटर धरली तर त्रिज्या ६,९६२ किलोमीटर होते आणि सूत्रातून काळ येतो सुमारे ९६ मिनिटे. आर्यभटची एक फेरी तेवढ्याच वेळात होत असे. हवेच्या विरळ घर्षणाने हळूहळू खाली येत फेब्रुवारी १९९२ मध्ये तो वातावरणात शिरला आणि नष्ट झाला.