कर्ज फिटले, ‘एचपी’ उतरली का?

नाशिकच्या एका गृहस्थांनी 2017मध्ये देना बँकेच्या कर्जावर कार घेतली आणि पाच वर्षांत सगळे हप्ते फेडले, असे समजू. आता ते कार विकायला काढतात. गिऱ्हाईक आरसी हातात घेते, आणि तिच्यावर बँकेचे नाव अजून तसेच. व्यवहार तिथेच अडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51नुसार ही नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

आरटीओच्या आवारात या नोंदीला ‘एचपी’ म्हणतात, सातबाराशी जास्त ओळख असलेले ‘बोजा’ म्हणतात. हप्ता संपला की ती आपोआप उतरेल, हा समज फार पसरलेला आहे. बँकेच्या खात्यात शून्य बाकी दिसली, तरी आरटीओच्या नोंदीत बदल होण्यासाठी मालकाला अर्ज करावा लागतो.

त्यासाठी बँकेकडून दोन गोष्टी हव्यात: कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म 35. या फॉर्मच्या दोन प्रती लागतात आणि त्यांवर बँक व मालक दोघांच्याही सह्या लागतात. बँकेचा शिक्का राहिला की कागद परत येतो. काउंटरवरून हलण्याआधी चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहावा. एक आकडा चुकला तरी पुन्हा शाखेची पायरी चढावी लागते. अनेक एनओसींवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते, ती मात्र कपाटात ठेवून दिल्यावरच आठवते.

नाशिकच्या गृहस्थांची अडचण आणखी वेगळी. 1 एप्रिल 2019 रोजी देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. त्यामुळे आरसीवर एक नाव आणि एनओसीवर दुसरेच. अशा वेळी जुन्या बँकेचे कर्ज आपल्याकडे आले आणि ते फिटले, असा स्पष्ट उल्लेख नव्या बँकेकडून एनओसीतच करून घ्यावा. कर्ज देणारी शाखाच बंद झाली असेल, तर जुना कर्ज खाते क्रमांक हाताशी ठेवलेला बरा. शोध तिथूनच सुरू होतो.

कागद हाती आले की parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून कर्जाची नोंद रद्द करण्याची सेवा निवडायची आणि स्क्रीनवर दिसेल ते शुल्क भरायचे. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. जुना नंबर केव्हाच बंद पडला असेल तर गाडी इथेच रुतते, म्हणून आधी तो बदलून घ्यावा. पुढे आरटीओ कागद तपासून नोंद काढते. काम झाले की नाही, हे नव्या आरसीत वित्तपुरवठादाराचे नाव गेले आहे का, यावरून कळते.

विमा पॉलिसी मात्र या सगळ्यात अस्पर्शच राहते. तिच्यातही बँकेचे नाव असते, आणि गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर भरपाईच्या वेळी विमा कंपनी त्या नावाकडे बोट दाखवते. नवी आरसी व एनओसीची प्रत विमा कंपनीला देऊन तिथली नोंदही काढून घ्यावी लागते.