पंधरा कप की एक कप?

एका मुलाला जेवायला हाक मारतात. तो दार ढकलून खोलीत शिरतो. दाराआड खुर्चीवर कपांचा ट्रे ठेवलेला आहे, हे त्याला माहीत नसतं. धक्का लागतो आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नाही असं बघून कपाटातला जॅम काढायला खुर्चीवर चढतो. हात पुरत नाही, धडपडताना एक कप पडून फुटतो. या दोघांत जास्त खोडसाळ कोण?

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांना अशा गोष्टी सांगून हा प्रश्न विचारला. सहा-सात वर्षांच्या कितीतरी मुलांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. का? तर त्याने पंधरा फोडले. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं उत्तर बहुतेक वेळा उलट होतं: पहिल्याला ठाऊकच नव्हतं, दुसरा चोरून जॅम घेत होता. पियाजेंचं मुलांच्या नैतिक विचारांवरचं पुस्तक १९३२ साली आलं. त्याला आता नव्वदहून अधिक वर्षं झाली, पण प्राथमिक शाळेत शिस्तीचा प्रश्न आला की आजही या कपांपासूनच सुरुवात करावी लागते. कारण दुसरी-तिसरीच्या एकाच वर्गात कप मोजणारी मुलं असतात आणि हेतू पाहणारीही. इतकंच काय, तेच मूल सकाळी एका पद्धतीने विचार करतं आणि मधल्या सुट्टीत, स्वतःची वस्तू तुटल्यावर, दुसऱ्या पद्धतीने.

पियाजेंच्या मते लहान मुलासाठी नियम मोठ्यांकडून आलेला असतो आणि तो बदलता येत नाही. गोट्यांच्या खेळाचे नियम कोणी केले, असं विचारल्यावर लहानगी मुलं वडिलांचं, थोरामोठ्यांचं, प्रसंगी देवाचंही नाव घेत. मोठी मुलं मात्र सांगत, की सगळ्यांनी मिळून ठरवलं तर नियम बदलता येतो. खोटं बोलण्याबद्दलही असाच फरक दिसला. कुत्र्याला घाबरलेला मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘गाईएवढा कुत्रा पाहिला.’ दुसरा खोटंच सांगतो, की बाईंनी मला चांगले गुण दिले. लहान मुलांना पहिलं खोटं जास्त वाईट वाटलं, कारण गाईएवढा कुत्रा नसतोच! दुसऱ्याने आईला फसवलं, हे त्यांच्या हिशेबात आलं नाही.

पुढच्या संशोधकांनी या चित्रात महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. पियाजेंच्या गोष्टीत नुकसान मोठं होतं, डोळ्यांसमोर उभं राहणारं होतं. हेतू मात्र वाक्यांत दडलेला होता. हेतू ठळकपणे, चित्रांतून दाखवला तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात, असं नंतर दिसलं. वर्गासाठी ही दुरुस्ती फार मोलाची आहे. लहान मुलाला हेतू कळतच नाही असं नाही. तो त्याच्यासमोर मांडावा लागतो. शिक्षकाच्या बोलण्याला इथे जागा आहे.

दुसरी दुरुस्ती एलियट ट्यूरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांनी मुलांना विचारलं, ‘बाईंनी परवानगी दिली तर असं केलेलं चालेल का?’ ठरलेले कपडे न घालता शाळेत येणं चालेल, असं अगदी लहान मुलंही म्हणाली. पण बाईंनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणं चालणार नाही, कारण त्याला लागतं. म्हणजे लहान मूल केवळ आज्ञेच्या ताब्यात नसतं. मोजे घालून येण्याचा नियम आणि ढकलू नये हा नियम यांतला फरक त्याला कळतो. शिक्षक मात्र कित्येकदा दोन्ही चुकांना एकाच पट्टीत बसवतात. ढकलणाऱ्याला ‘आपल्या वर्गाचा नियम काय आहे?’ असं विचारतात आणि मोजे विसरलेल्याला अपराधी ठरवतात. ढकलण्याबद्दल बोलायचं तर पडलेल्या मुलाच्या गुडघ्याबद्दल बोलायला हवं. तिथे नियमाची आठवण अपुरी पडते.

अमेरिकेत लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८च्या आपल्या प्रबंधापासून हे टप्पे पुढे प्रौढांपर्यंत नेले. त्यांच्या सहा टप्प्यांपैकी प्राथमिक शाळेत प्रामुख्याने पहिले तीन भेटतात. पहिल्या टप्प्यावरचं मूल म्हणतं, शिक्षा होते म्हणून ते वाईट. दुसऱ्यावरचं देवाणघेवाणीचा हिशेब मांडतं: त्याने माझी पेन्सिल घेतली, म्हणून मी त्याचं खोडरबर घेतलं. तिसऱ्यावर, साधारण शाळेच्या शेवटच्या वर्षांत, ‘चांगली मैत्रीण असं करत नाही’ हा विचार येऊ लागतो. हे टप्पे म्हणजे इयत्ता नव्हेत, कोणत्याही मुलावर त्यांचं लेबल लावू नये. पण भांडणात मुलं काय बोलतात ते ऐकताना त्यांचा उपयोग होतो.

समजा, दुसरीचा वर्ग आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी कागदाची फुलं केली. एका मुलीचं फूल अर्धवट राहिलं, तिने चुरगळलेल्या पाकळ्या बाकावरच ठेवल्या आणि ती पाणी प्यायला गेली. सफाईची पाळी असलेल्या मुलीने तो कागद कचरापेटीत टाकला. परत आलेली मुलगी रडत ओरडते, ‘बाई, हिने मुद्दाम टाकलं!’ चार मुलं तिच्या बाजूने ओरडतात, ‘बाई, तिला शिक्षा करा!’

अशाच प्रसंगाचा अभ्यास मेलनी किलन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या गोष्टीत वर्ग आवरताना एक मूल कागदी पिशवी फेकून देतं. पिशवीत दुसऱ्याचा केक आहे, हे त्याला माहीत नसतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीही समजूत असू शकते, हे ज्या लहान मुलांना अजून उमगलं नव्हतं, ती फेकणाऱ्याला दोषी धरायला अधिक तयार होती. आपल्या गोष्टीतली रडणारी मुलगी कांगावा करत नाही. ते फूल आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असणार, असं तिला मनापासून वाटतं.

इथे ‘कोणी टाकलं?’ या प्रश्नाने सुरुवात केली की संभाषण पहिल्या टप्प्यावर अडकतं. प्रश्न गुन्हेगाराचा होतो, आणि सापडू नये म्हणून मूल खोटं बोलतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत मारझोड चाले, दुसरीत नाही. कडक शिक्षेच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं त्यांनी अधिक सफाईने निभावलं. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. छडी गेली तरी सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलेला ‘कोणी केलं?’ मुलाला तशीच धडकी भरवू शकतो.

त्यापेक्षा बाईंनी दोघींना बाजूला घ्यावं. आधी रडणारीचं ऐकावं, कारण नुकसान खरं आहे. मग टाकणारीला विचारावं, ‘तू उचललंस तेव्हा ते तुला काय वाटलं?’ ती म्हणते, ‘कचरा.’ मग पहिलीला विचारावं, ‘ते फूल आहे हे तिला कशावरून कळलं असतं?’ हा प्रश्न संभाषणाचा गाभा आहे. हेतू बाईंनी सांगून टाकला नाही, मुलीला तो शोधायला लावला. ती थोडा वेळ गप्प राहील, कदाचित म्हणेल, ‘पण माझं फूल गेलंच ना!’ बरोबरच आहे. हेतू वाईट नव्हता म्हणून नुकसान भरून येत नाही, आणि ‘तिने मुद्दाम नाही केलं, आता रडू नकोस’ असं म्हणून विषय संपवणं हा दुसऱ्या बाजूचा अन्याय ठरतो.

म्हणून पुढचा प्रश्न, ‘आता काय करता येईल?’ बहुधा पहिलं उत्तर हिशेबाचं येतं: ‘तिचंही फूल फाडा.’ यावर रागावण्याचं कारण नाही. ‘मग किती फुलं उरतील?’ एवढं विचारलं तरी पुरतं. दोघींनी मिळून पाकळ्या कापायच्या, असं बहुतेकदा मुलीच सुचवतात. पियाजेंनीही मुलांसमोर शिक्षांचे पर्याय ठेवले होते. एका मुलाने सांगूनही पाव आणला नाही. त्याला काय करावं? जत्रेतल्या पाळण्यात बसू द्यायचं नाही, जेवताना पाव द्यायचा नाही, की पुढच्या वेळी त्याने मदत मागितल्यावर नाही म्हणायचं? लहानांचा कल ज्याने दुखेल त्या शिक्षेकडे होता, मोठ्यांचा चुकीशी नातं असलेल्या शिक्षेकडे. शिक्षा ठरवण्याचं काम दुसरीच्या वर्गावर मतदानाने सोपवलं, तर फार कठोर निर्णय येण्याचा धोका यामुळेच असतो. नियम मात्र वर्गाने जरूर करावा: अपुरं काम एका खोक्यात ठेवायचं, खोक्यातलं कोणी टाकायचं नाही. असा नियम करताना मुलांना कळतं, की नियम आपल्यालाही करता येतो.

या सगळ्यात बिघाड बहुतेक वेळा ‘सॉरी म्हण’ने होतो. ज्या मुलीने चूक केली असं तिला स्वतःलाच वाटत नाही, तिच्याकडून काढलेली माफी म्हणजे तिच्यासाठी एक प्रकारची शिक्षाच. ती शब्द उच्चारते आणि सुटका झाली म्हणून निघून जाते. आणखी एक चूक, लांबलचक उपदेशाची. सात वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं ‘दुसऱ्याच्या भावना’ ऐकवल्या, तर त्याच्यापर्यंत बाईंचा चढलेला आवाज तेवढा पोचतो.

फरक पडतोय हे ओळखायचं कसं? मुलं तक्रार घेऊन येतात तेव्हाच्या वाक्यांकडे लक्ष द्यावं. ‘बाई, याला ओरडा’च्या जागी ‘बाई, याचं असं झालं’ येऊ लागतं. एखादं मूल स्वतःहून सांगतं, ‘माझ्याकडून सांडलं.’ मात्र एका बाबतीत सावध राहायला हवं. बाईंना कोणतं उत्तर आवडतं हे मुलं फार लवकर शिकतात, आणि चांगलं बोलता येणं म्हणजे तसं वागता येणं नव्हे. १९२०च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो मुलांची प्रामाणिकपणाची चाचणी घेतली, तेव्हा एके ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवताना आढळलं. परिस्थितीचा वाटा मोठा होता. म्हणूनच कामाचं खोकं ठेवणं हेही संभाषणाइतकंच महत्त्वाचं आहे.

पालकांनीही यात साथ द्यावी. मूल भांडणाची गोष्ट घेऊन घरी आलं, की ‘मग बाईंनी त्याला काय शिक्षा केली?’ हा प्रश्न मागे ठेवावा. आधी विचारावं, ‘त्याला ते माहीत होतं का?’ आणि मुलाचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं.