वर्षाचे पैसे भरले, नेट मात्र चालेना

घरी इंटरनेट घेताना सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरण्याची पद्धत आता गावोगावी रुळली आहे. महिन्याला आठशे रुपयांचा प्लॅन वर्षासाठी घेतला, तर सहाशेने पडतो. राउटर फुकट, जोडणी फुकट. अडचण सुरू होते ती नेट वारंवार बंद पडायला लागल्यावर. ग्राहक म्हणतो, "बंद करा आणि उरलेले पैसे परत द्या." कंपनी म्हणते, "मुदतीआधी बंद केलंत तर अटी लागू होतील."

या अटींमध्ये ‘दंड’ हा शब्द बहुतेक वेळा नसतोच. तो हिशेबात दडलेला असतो, म्हणून आधी हिशेबच पाहू. समजा, डोंबिवलीतल्या एका कुटुंबाने वर्षाचे ७,२०० रुपये भरले (जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू) आणि पाच महिन्यांनी वैतागून जोडणी तोडायचं ठरवलं. सात महिने उरलेत, सहाशेच्या दराने ४,२०० रुपये परत मिळावेत, असं घरच्यांना वाटतं. कंपनीचा हिशेब निराळा असतो. वापरलेले पाच महिने सवलतीच्या नव्हे, आठशेच्या मासिक दराने धरायचे, म्हणजे ४,०००. फुकट दिलेल्या जोडणीचे १,०००. राउटरचे १,५००. एकूण ६,५०० वजा झाले आणि हातात आले ७०० रुपये. अपेक्षा आणि परतावा यांतला ३,५०० रुपयांचा फरक हाच खरा दंड.

‘दंड माफ करा’ अशी मोघम विनंती केली की कस्टमर केअरवरची व्यक्ती ‘आमच्या हातात नाही’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी या ३,५०० रुपयांचे तीन तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं उत्तर मागावं. राउटर चालू स्थितीत परत केला आणि तशी पोच घेतली, तर त्याचे १,५०० रुपये लावायला आधार उरत नाही. सवलत काढून घेतल्याचे १,००० रुपये हा सगळ्यात वादाचा भाग. ती सवलत वर्षभर टिकण्याबद्दल होती हे खरं, पण ग्राहक आपल्या मर्जीने निघालेला नाही; कंपनीने कबूल केलेली सेवा दिली नाही म्हणून निघाला आहे. जोडणीच्या १,००० रुपयांबाबत मात्र कंपनीची बाजू अगदीच पोकळ नसते. तार ओढायला माणूस आला होता, सामान लागलं होतं. सगळी रक्कम माफ होत नसेल, तर वापरलेल्या पाच महिन्यांपुरता हिस्सा, म्हणजे सुमारे ४१७ रुपये, कापून घ्या, अशी तडजोड सुचवता येते. तिन्ही मागण्यांवर सारखंच अडून बसण्यापेक्षा असा प्रस्ताव मान्य होण्याची शक्यता मला जास्त वाटते.

कायद्याचा आधारही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती आपोआप वसूल होत नाही. त्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणि तीही करार मोडणाऱ्याकडून. इथे करार आधी कोणी मोडला, हाच मुद्दा आहे, आणि तो ग्राहकाला सिद्ध करावा लागतो.

बरीच मंडळी इथेच कमी पडतात. ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार सगळ्यात कमकुवत. जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि त्या ‘पर्यंत’मध्ये पुष्कळ काही मावतं. २०२३ च्या सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग पुरतो. शंभराऐवजी तीस मिळतात म्हणून भांडणं त्यामुळे अवघड जातं. शिवाय डेटाची मर्यादा संपल्यावर वेग उतरतो, तो प्लॅनचाच भाग असतो. सेवा पूर्ण बंद पडणं, आठवड्यातून अनेकदा तुटणं, तक्रार करूनही दुरुस्त न होणं, हे मुद्दे कितीतरी भक्कम.

बिघाड घरातला की बाहेरचा, हेही आधी पाहायला हवं. जाड भिंतीपलीकडे वायफाय पोहोचत नसेल, तर दोष कंपनीचा नाही. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि या दोन ओळी एकामागून एक चालवा:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरपर्यंतचा रस्ता तपासते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंतचा. काही राउटरचा पत्ता वेगळा असतो. `ipconfig` टाइप केलं की तो `Default Gateway` समोर दिसतो. शेवटी `Lost` च्या पुढे आकडा येतो. पहिल्यात तो शून्य आणि दुसऱ्यात वीस-पंचवीस, असं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दिसलं, तर बिघाड राउटरच्या पलीकडे आहे असं म्हणायला जागा होते. एकदाच दिसलं तर त्यावरून काही ठरत नाही. फायबरच्या डब्यावर `LOS` नावाचा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच तुमच्या घरापर्यंत येत नाही; तार तुटली आहे, वाकली आहे किंवा जोड निसटला आहे. त्या दिव्याचा फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवावा. टेक्निशियन मीटर लावतो, तेव्हा आकडा विचारावा. साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली सिग्नल गेला की जोडणी डळमळू लागते. तो आकडा त्याच्याच मेसेजमधून आला, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

तक्रार कुठे केली, यालाही तेवढंच महत्त्व आहे. लाइनमन ओळखीचा असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दादा, नेट गेलंय’ म्हटलं की तो येतोही. पण कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा असतो. व्यवहारात त्याला डॉकेट नंबर म्हणतात. दर बिघाडाला असा क्रमांक घ्या, लाइनमनने येऊन दुरुस्त केलं तरी घ्या. मग आणखी एक प्रकार घडतो: नेट बंदच असतं आणि ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा एसएमएस येतो. गप्प बसलात तर नोंदीत सगळं आलबेल दिसतं. त्याच दिवशी, तोच क्रमांक देऊन, ‘तक्रार सुटलेली नाही’ असं ईमेलवर किंवा अ‍ॅपवर लिहा.

डोंबिवलीच्या कुटुंबाकडे आता समजा असा कागद तयार आहे: तीन महिन्यांत अकरा डॉकेट नंबर, त्यांतल्या एका वेळी सलग नऊ दिवस नेट बंद, चार वेळा न सोडवताच तक्रार बंद. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-दर्जा नियमांप्रमाणे तारेवरच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यायची असते. ती नियमाने मोजून द्या, असं लेखी मागायचं. सहाशे रुपये महिना म्हणजे वीस रुपये रोज; नऊ दिवसांचे १८० तरी होतातच. रक्कम लहान आहे, पण ती मान्य करताना सेवा बंद होती हे कंपनीला मान्य करावं लागतं.

मग पत्र. ते छोटं असावं, साधारण असं:

"माझ्या जोडणीबाबत सोबतच्या तक्त्यातल्या अकरा तक्रारी नोंदल्या आहेत. त्यांपैकी एका बिघाडात सेवा सलग नऊ दिवस बंद होती. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत सेवा कायमची सुरळीत करावी. तसे न झाल्यास सेवेतील त्रुटीमुळे मी जोडणी बंद करत आहे, असे समजावे. उरलेल्या सात महिन्यांचे ४,२०० रुपये आणि बंद काळाची भरपाई परत करावी. सवलतीची व जोडणीची वसुली करू नये. राउटर परत नेण्याची तारीख कळवावी व पोच द्यावी."

दुरुस्तीची ही शेवटची संधी गाळू नये. ब्रिटनमध्ये ऑफकॉमच्या ऐच्छिक संहितेत हेच तत्त्व नियमासारखं बांधलं आहे: हमी दिलेल्या किमान वेगापेक्षा सेवा खाली गेली, तर कंपनीला दुरुस्तीसाठी तीस दिवस आणि नंतर ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा. आपल्याकडे इतकी सरळ वाट नाही. म्हणून ती पत्राने तयार करावी लागते.

या पत्रानंतर बहुधा गोड बोलणारा फोन येतो: "एक महिना फुकट देतो, थांबा." स्वीकारायला हरकत नाही, पण त्याने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते का, हे आधी लेखी विचारा.

सात दिवस उलटून काहीच झालं नाही, तर कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र उपयोगी पडतो. तिथून कंपनीला विचारणा होते.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. दूरसंचाराचे वाद तिथे चालत नाहीत, असं कंपन्या अनेक वर्षं सांगत असत, आणि २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा त्याला आधारही होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगाचा रस्ता खुला असल्याचं स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. अर्जात मुख्य मुद्दा ‘सेवेतील त्रुटी’ हाच ठेवावा. ‘हा करारच अन्याय्य आहे’ असा दावा २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. साडेतीन हजारांसाठी इतका उपद्व्याप कोणी करू नये.

घर बदललं, दुसरीकडे स्वस्त प्लॅन मिळाला, अशा कारणांसाठी या वाटेने जाऊ नये. तिथे कंपनीचा हिशेब बराचसा रास्त असतो. फार तर नव्या पत्त्यावर जोडणी हलवून मागावी.

राउटर परत देताना त्याचा अनुक्रमांक, अडॅप्टर दिल्याची नोंद आणि नेणाऱ्याची सही घ्यावी; लाइनमनच्या पिशवीत टाकून मोकळं होऊ नये. आपोआप पैसे कापले जाण्याची सोय चालू असेल, तर पत्र पोहोचल्याची खात्री झाल्यावर ती बंद करावी. पैसे जमा झाले की ‘या खात्यावर कोणतीही बाकी नाही’ असा ईमेल मागून घ्यावा. खातं नोंदीत उघडं राहिलं, तर काही महिन्यांनी वसुलीचे फोन येऊ लागतात, आणि तेव्हा दाखवायला हाताशी तेवढा एकच कागद असतो.